एकाच खरखरीचे तीन आलेख: संशोधनातला बनावट डेटा आणि त्याची चौकशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल बोलताना मी बहुतेक वेळा एकच प्रकरण घेतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या यान हेन्ड्रिक शोन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं, 2002 सालचं. तिथल्या चौकशी समितीने आपला अहवाल लोकांसमोर ठेवला, त्यामुळे आरोप काय होते, पुरावा काय मिळाला, काय मिळाला नाही, हे सगळं नीट पाहता येतं. या विषयावर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं याच प्रकरणाच्या आधाराने खाली दिली आहेत.

बनावट डेटा आणि फेरफार केलेला डेटा, यांत फरक काय?

जे मोजलंच नाही त्याचे आकडे लिहिणं म्हणजे बनावट डेटा. प्रयोग झालाच नाही, रुग्ण तपासलाच नाही, सर्वेक्षणाचा फॉर्म घरी बसून भरला, हे सगळं त्यात येतं. फेरफारात प्रयोग झालेला असतो, काहीतरी मोजलेलंही असतं. पण नको असलेले बिंदू गुपचूप काढून टाकले, आकडे थोडे सरकवले, एका नमुन्याचा आलेख दुसऱ्या नमुन्याच्या नावावर खपवला, किंवा उपकरणाशी असा खेळ केला की हवं तेच उत्तर येईल, तर कागदावरची नोंद आणि प्रयोगशाळेत घडलेलं यांचं नातं तुटतं.

प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट असते. शोनच्या प्रकरणात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडले. काही ठिकाणी जुना खरा वाटणारा आलेख नव्या पदार्थाच्या नावाने छापला होता. काही ठिकाणी गणिती सूत्रातून काढलेली वक्ररेषा मोजमाप म्हणून दिली होती.

वाङ्मयचौर्य हा गैरवर्तनाचा तिसरा प्रकार मानला जातो. आपल्याकडे चर्चा बहुतेक त्याचीच होते, कारण ते पकडायला सॉफ्टवेअर आहे. बनावट आकड्यांना असं सोपं यंत्र नाही.

शोनने नेमका दावा काय केला होता?

पेंटासीन, टेट्रासीन यांसारख्या सेंद्रिय पदार्थांचे स्फटिक घ्यायचे, त्यांच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्या थरावर व्होल्टेज द्यायचं, अशी त्याची मांडणी होती. व्होल्टेजमुळे स्फटिकाच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमा होतो आणि एरवी वीज न वाहून नेणारा पदार्थ वाहक बनतो. आपल्या मोबाईलमधला ट्रान्झिस्टरही याच तत्त्वावर चालतो. शोनचं म्हणणं असं, की त्याच्या थरावर इतकं जास्त व्होल्टेज देता येतं की हे स्फटिक अतिवाहकही होतात, म्हणजे त्यांच्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहते. 2000 साली त्याने साठ कार्बन अणूंच्या गोळ्यासारख्या रेणूंच्या स्फटिकात 52 केल्विनला अतिवाहकता मिळाल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो आकडा 117 केल्विनवर गेला. 2001 च्या अखेरीस त्याने रेणूंच्या एकाच पातळ थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचं सांगितलं.

हे खरं असतं तर सिलिकॉनच्या पुढचा रस्ता सापडला असता. पुरस्कार मिळत गेले. 2001 मध्ये त्याच्या नावावर सरासरी दर आठ दिवसांना एक शोधनिबंध येत होता. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला हा वेग ऐकूनच अस्वस्थ व्हायला हवं. एक नमुना तयार होऊन, बिघडून, पुन्हा तयार होऊन त्यावर भरवशाचं मोजमाप मिळायला महिने लागतात.

इतर प्रयोगशाळांना तोच निकाल मिळत नव्हता. तेवढ्यावरच तो पकडला कसा गेला नाही?

अमेरिका, युरोप, जपान इथल्या अनेक गटांनी प्रयत्न केले. पैसे गेले, विद्यार्थ्यांची वर्षं गेली. हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा तोटा, आणि त्याची भरपाई कुणीच केली नाही.

पण निकाल पुन्हा न मिळणं हा गैरवर्तनाचा पुरावा ठरत नाही. स्फटिकाची शुद्धता, थर चढवण्याचं यंत्र, हाताची सवय, कशानेही फरक पडू शकतो. शोन ऑक्साइडचा थर जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या जुन्या यंत्रावर चढवत असे, आणि त्या यंत्रातच काहीतरी खास असावं असं लोक बराच काळ समजत राहिले. चांगल्या प्रयोगकर्त्याचा हात इतरांना साधत नाही, हे विज्ञानात खरोखर घडतं, म्हणून ही समजूत वेडेपणाची नव्हती. इतर प्रयोगशाळा स्वतःच्याच कौशल्यावर शंका घेत राहिल्या. संशयाची दिशा बदलायला वेगळ्या जातीचा पुरावा लागला.

मग संशय आला कशावरून?

आलेखातल्या खरखरीवरून. कुठल्याही मोजमापात मूळ संकेताबरोबर थोडी खरखर मिसळलेली असते, तिला नॉइज म्हणतात. तारेतल्या इलेक्ट्रॉनांची हालचाल, तापमानातले बारीक बदल, उपकरणाची स्वतःची थरथर अशी तिची कारणं असतात. तेच मोजमाप त्याच नमुन्यावर पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं तर वक्ररेषेचा आकार तोच राहतो, पण खरखर वेगळी येते.

2002 च्या वसंत ऋतूत प्रिन्स्टनच्या लिडिया सोन यांच्या लक्षात आलं, की अगदी वेगळ्या तापमानांना केलेल्या शोनच्या दोन प्रयोगांच्या आलेखांत खरखर तंतोतंत सारखी आहे. कॉर्नेलचे पॉल मॅकयुएन यांनी शोधायला घेतलं, तर तीच खरखर तिसऱ्या, निराळ्याच प्रयोगाच्या निबंधात सापडली. विचारणा झाल्यावर शोन म्हणाला, चुकून दुसराच आलेख पाठवला गेला. एकदा अशी चूक होऊ शकते. तिसरा आलेख सापडल्यावर मात्र ते स्पष्टीकरण फार दुबळं झालं.

खरखर जुळते आहे हे कसं तपासतात? उदाहरण द्याल का?

खालचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, ते त्या प्रकरणातले नाहीत. समजा, एका नमुन्यात 1 ते 5 व्होल्टला मिळालेला प्रवाह असा छापला आहे: 2.06, 3.95, 6.11, 7.92, 10.03. दुसऱ्या निबंधात, वेगळ्या पदार्थासाठी, त्याच व्होल्टेजना हे आकडे आहेत: 3.09, 5.93, 9.17, 11.88, 15.05. नुसते पाहिले तर काहीच साम्य दिसत नाही.

आता दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक आकड्याला 1.5 ने भागा. उत्तरं येतात 2.06, 3.95, 6.11, 7.92, 10.03. पहिलीच ओळ, दुसऱ्या दशांशापर्यंत. दोन पदार्थांचा प्रवाह दीडपट असणं शक्य आहे. पण सरळ रेषेपासूनचे चढउतार बघा. पहिल्या ओळीत ते +0.06, −0.05, +0.11, −0.08, +0.03 असे आहेत, आणि दुसऱ्या ओळीत बरोबर त्याच जागी वर, त्याच जागी खाली, त्याच प्रमाणात. हे चढउतार योगायोगाचे असतात, म्हणून ते जुळायला नकोत. नुसती वर की खाली ही दिशा पाच बिंदूंवर योगायोगाने जुळण्याची शक्यता 32 मध्ये 1 असते. वीस बिंदूंवर ती दहा लाखांत 1 च्याही खाली जाते, आणि आलेखात शेकडो बिंदू असतात.

छापील आलेखातून आकडे काढायला साधनं आहेत. नाहीतर दोन आलेख एकाच मापावर आणून एकावर एक ठेवले तरी डोळ्यांना पुरेसं दिसतं. आधी अक्षांची मापं मात्र बघायलाच हवीत, कारण आलेख पुन्हा वापरणारा माणूस बहुतेक वेळा उभ्या अक्षाचं माप बदलतो.

एक सावधगिरी सांगतो. खरखर जुळते याचा अर्थ डेटा एकच आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो मुद्दाम वापरला की फाईलच्या नावाचा घोळ झाला, हे आलेखावरून कळत नाही. ते ठरवण्यासाठीच चौकशी असते.

बेल लॅब्जने चौकशी कशी केली?

मे 2002 मध्ये सोन आणि मॅकयुएन यांनी शोन, त्याचे वरिष्ठ बर्ट्राम बॅटलॉग, बेल लॅब्जचं व्यवस्थापन आणि नियतकालिकं यांना आपलं निरीक्षण कळवलं. त्याच महिन्यात व्यवस्थापनाने पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष होते स्टॅनफर्डचे माल्कम बीझली. सोबत पर्ड्यूचे सुप्रियो दत्ता, नोबेलविजेते हर्बर्ट क्रोमर, बेल लॅब्जचेच हेरविग कोगेलनिक आणि पूर्वी बेल लॅब्जमध्ये असलेले, तेव्हा अगेर सिस्टिम्स या कंपनीतले डॉन मन्रो. अध्यक्ष आणि बहुतेक सदस्य बाहेरचे होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संस्थेची अब्रू पणाला लागलेली असताना फक्त आतल्यांची समिती नेमली, तर तिचा निकाल खरा असला तरी कुणी मानत नाही.

समितीने आधी आरोपांची नेमकी यादी केली. ‘हा माणूस खोटारडा आहे’ हा आरोप तपासता येत नाही. ‘या निबंधातली ही आकृती आणि त्या निबंधातली ती आकृती, पदार्थ वेगळे, डेटा एक’ हा तपासता येतो. अशा शेवटी 24 बाबी तयार झाल्या, 25 निबंधांना स्पर्श करणाऱ्या. त्यांचे तीन गट पडले: एकाच्या जागी दुसरा डेटा वापरणं, खऱ्या मोजमापात शक्य नाही इतकी अचूकता असणं, आणि माहीत असलेल्या भौतिकशास्त्राला न पटणारे निकाल.

मग मूळ नोंदी मागितल्या. इथे चौकशीला जे सापडलं, ते मला आलेखांपेक्षाही गंभीर वाटतं. शोनने प्रयोगवही ठेवलेलीच नव्हती. कच्च्या डेटाच्या फाइली संगणकावरून पुसलेल्या होत्या. कारण सांगितलं, की हार्ड डिस्कवर जागा नव्हती. ज्या नमुन्यांवर मोजमापं झाली म्हणायची, ते फेकून दिलेले किंवा दुरुस्तीपलीकडे खराब झालेले. महत्त्वाच्या निकालांची मोजमापं होताना शेजारी उभं राहून पाहिलेला सहलेखकही जवळजवळ नव्हता. उपकरणापासून छापील आकृतीपर्यंत जी वाट असते, तिचा एकही टप्पा शिल्लक नव्हता.

समितीने शोनची आणि सहलेखकांची बाजू ऐकली, प्रत्येक आरोपावर त्याचं उत्तर घेतलं. 25 सप्टेंबर 2002 ला अहवाल पूर्ण झाला. साधारण चार महिन्यांत.

निकाल काय लागला?

24 पैकी 16 बाबींत गैरवर्तन सिद्ध झालं असं समितीने ठरवलं. दोन बाबींचा प्रकाशित निबंधांशी संबंध नव्हता. उरलेल्या सहा बाबी अस्वस्थ करणाऱ्या आहेत, पण गैरवर्तन म्हणण्याइतका पुरावा नाही, असं नोंदवलं. त्या सहाही मला समितीच्या प्रामाणिकपणाची खूण वाटतात. सोळा सिद्ध झाल्यावर बाकीच्या त्यातच ओढून घेणं सोपं होतं.

शोनने अनेक निबंधांतला डेटा चुकीचा असल्याचं मान्य केलं, पण अदलाबदल अनवधानाने झाली असेल असं तो म्हणत राहिला. काही बिंदू वगळल्याचंही त्याने कबूल केलं, आणि त्याचं कारण दिलं, की जे त्याने पाहिलं होतं ते जास्त पटण्यासारखं दिसावं म्हणून. त्याला लगेच कामावरून काढण्यात आलं. ‘सायन्स’ने 2002 च्या अखेरीस आठ निबंध मागे घेतले, ‘नेचर’ने मार्च 2003 मध्ये सात.

‘चूक झाली’ आणि ‘मुद्दाम केलं’ यांतला फरक समिती कसा ठरवते? मनातलं कुणाला कळतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. बीझली समितीने अमेरिकेच्या केंद्र सरकारचं 2000 सालचं धोरण आधाराला घेतलं. त्यात तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. त्या शाखेतल्या मान्य रीतीपासून हे वागणं फार दूर गेलेलं असावं. ते जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने केलेलं असावं. आणि पुराव्याचं पारडं त्या बाजूला झुकलेलं असावं. फौजदारी खटल्यासारखा कुठलाही वाजवी संशय उरणार नाही इतका कडक पुरावा लागत नाही. प्रामाणिक चूक आणि मतभेद यांना या धोरणाने स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे.

मनातलं कळत नाही, पण चुकांचा आकार दिसतो. अनवधानाने झालेल्या चुका कुठल्याही दिशेला जातात. काही लेखकाच्या निष्कर्षाला मदत करतात, काही त्याच्यावरच उलटतात. शोनच्या ‘चुका’ प्रत्येक वेळी अपेक्षित निकालाकडेच झुकल्या होत्या. शिवाय जुना आलेख नव्या जागी बसवताना त्याचं माप बदललेलं असेल, तर फाईलची अदलाबदल हे कारण पुरत नाही. चुकीची फाईल उचलली गेली तर ती आहे तशी येते, तिच्यावर कुणी काम केलेलं नसतं.

‘बेफिकिरीने’ हा शब्द विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. वही न ठेवणं, कच्चा डेटा पुसणं हे एरवी गबाळेपणात मोडतं. पण त्याच गबाळेपणाच्या आधारावर तुम्ही जगाला निकाल सांगत असाल, तर तो तुमच्या विरोधात जाऊ शकतो.

त्याने असं का केलं, हे समितीने ठरवायचं नव्हतं, आणि त्यावर अंदाज बांधण्यात मलाही रस नाही.

आलेख गुळगुळीत करणं, एखादा भरकटलेला बिंदू काढणं, हेही गैरवर्तन आहे का?

सांगून केलं तर नाही. सरासरी घेऊन खरखर कमी करणं रोजचं काम आहे. फक्त किती बिंदूंची सरासरी घेतली ते आकृतीखाली लिहावं. एखादा बिंदू वगळायचा असेल तर त्याला प्रयोगातलं कारण हवं: तार सुटली होती, तापमान घसरलं होतं. हे कारण त्याच दिवशी वहीत लिहिलेलं असावं. निष्कर्ष बघून नंतर शोधलेलं कारण चालत नाही. वगळलेला बिंदू मूळ फाईलमध्ये तसाच राहू द्यावा.

गणिती सूत्राची रेषाही काढावी, पण सलग रेषा म्हणून, मोजलेल्या बिंदूंसोबत. सूत्रातून आलेले आकडे ठिपक्यांनी काढले, तर वाचक त्यांना मोजमाप समजतो. तिथे एकाही खोट्या शब्दाची गरज पडत नाही. माझ्या विद्यार्थीदशेत एका ज्येष्ठाने मला ‘दोन ठिपके जरा खाली घे, रेषेवर येतील’ असं सहज सांगितलं होतं, आणि मी ते केलंही. तो आलेख कुठे छापला गेला नाही. पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आठवलं की अजूनही खजील व्हायला होतं.

सहलेखकांचं काय झालं?

या निबंधांचे मिळून वीस सहलेखक होते. कुणी स्फटिक वाढवून दिले, कुणी रेणू तयार करून दिले. बॅटलॉग हे गटातले ज्येष्ठ आणि अतिवाहकतेतलं मोठं नाव. समितीने सगळ्यांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केलं. पण एवढे असाधारण निकाल येत असताना ज्येष्ठ सहलेखकाने पुरेशी विचारपूस केली होती का, हा प्रश्न अहवालात मोकळेपणाने मांडला आणि खुला ठेवला, कारण सहलेखकाची जबाबदारी नेमकी किती यावर या शाखेत एकमतच नव्हतं.

माझं मत विचाराल तर, नमुना करून देणाऱ्याने मोजमापाची हमी द्यावी अशी अपेक्षा नाही. पण ज्याच्या नावामुळे निबंधाला वजन येतं, त्याने एकदा तरी प्रयोगशाळेत जाऊन ‘चल, माझ्यासमोर मोज’ म्हणायला हवं. बेल लॅब्जमध्ये हे एकदा झालं असतं, तर बरंच काही वाचलं असतं.

एरवी विद्यापीठांत चौकशीचे टप्पे कोणते असतात?

जिथे नीट नियम आहेत तिथे क्रम साधारण सारखा असतो. तक्रार आली की आधी ती गैरवर्तनाच्या व्याख्येत बसते का आणि तपासता येईल इतकी नेमकी आहे का, एवढंच पाहतात. मग प्राथमिक चौकशी होते. तिचा प्रश्न ‘दोषी आहे का’ हा नसतो, ‘पूर्ण चौकशी करण्याइतकं यात काही आहे का’ एवढाच असतो. असेल तर समिती नेमून पूर्ण चौकशी, अहवालाचा मसुदा, त्यावर आरोप असलेल्या व्यक्तीचं उत्तर, आणि शेवटी निर्णय. निर्णय समिती घेत नाही, संस्थेतला दुसरा अधिकारी घेतो.

या सगळ्यात एक पायरी वेळेवर झाली नाही तर बाकीचं व्यर्थ जातं. नोंदी ताब्यात घेणं. आरोपाची सूचना देण्याच्या वेळीच, किंवा त्याआधी, वह्या, संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत, उपकरणाला जोडलेल्या संगणकातल्या फाइली, नमुने, सगळं यादी करून सीलबंद करायचं असतं. आधी पत्र पाठवलं आणि आठवड्याने वह्या मागितल्या, तर त्या आठवड्यात काय काय होऊ शकतं ते सांगायला नको. निर्दोष माणसालाही याचा फायदाच होतो, कारण त्याच्या नोंदी नंतर बदलल्या असा आरोप कुणी करू शकत नाही. फाइलींच्या तारखाही बोलतात. आकृती आधी तयार झाली आणि तिचा डेटा तीन दिवसांनी, असं दिसलं तर उत्तर द्यावं लागतं.

आरोप असलेल्या व्यक्तीला आरोप लेखी कळणं, पुरावा पाहायला मिळणं, आपली बाजू मांडता येणं हे तिचे हक्क आहेत. निर्णय होईपर्यंत नाव गुप्त ठेवणंही. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवला जाऊ नये, ही जबाबदारी संस्थेची.

कॉन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची पीएच.डी. काढून घेतली म्हणतात. प्रबंधही खोटा होता का?

नाही, आणि म्हणूनच तो खटला इतका गाजला. विद्यापीठाने प्रबंध तपासला, त्यात पदवी काढून घेण्याइतकं गैरवर्तन मिळालं नाही. तरीही 2004 मध्ये पदवी रद्द केली. आधार होता त्या राज्याच्या कायद्यातली तरतूद: पदवीधारकाने नंतर पदवीला न शोभणारं वर्तन केलं तर ती काढून घेता येते. शोन कोर्टात गेला. 2010 मध्ये खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, 2011 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला, 2013 मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने विद्यापीठाचं म्हणणं मान्य केलं. म्हणजे चौकशी चार महिन्यांत संपली, पदवीचा वाद जवळजवळ दहा वर्षं चालला. पदवी खऱ्या कामावर मिळाली असताना पुढच्या वागण्यासाठी ती काढावी का, यावर माझं मन आजही पूर्ण ठरलेलं नाही.

भारतात असं काही घडलं आहे का?

घडलं आहे, आणि त्याची चाल अगदी उलटी होती. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता हिमालयातल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं लिहीत होते. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की त्यांतले काही जीवाश्म हिमालयातले असूच शकत नाहीत. काही कोनोडोंट, म्हणजे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म, न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रसिद्ध ठिकाणच्या नमुन्यांशी जुळत होते. इथेही खूण तीच होती: दूरदूरच्या ‘वेगवेगळ्या’ ठिकाणांहून आलेल्या वस्तू नको तितक्या सारख्या. पण चौकशी रेंगाळली, आणि निलंबन होऊनही ते पुन्हा विद्यापीठात रुजू झाले. सहलेखकांची संख्या मोठी होती. बहुतेकांनी गुप्तांनी दिलेला जीवाश्म आणि गुप्तांनीच सांगितलेलं ठिकाण यांवर विश्वास ठेवला होता.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात मला असा संशय आला तर मी काय करू?

आधी एक अडचण सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम देशभरच्या विद्यापीठांना लागू आहेत आणि त्यांनुसार विभाग आणि संस्था पातळीवर शैक्षणिक प्रामाणिकता समित्या असतात. पण ते नियम वाङ्मयचौर्याचे आहेत. किती टक्के मजकूर जुळला तर काय शिक्षा, हे त्यात तपशिलाने आहे. बनावट आकड्यांची चौकशी कशी करायची, वह्या कधी ताब्यात घ्यायच्या, हे त्यात नाही. पीएच.डी.साठी सक्तीच्या केलेल्या दोन क्रेडिटच्या संशोधन नीतिमत्तेच्या अभ्यासक्रमात हा विषय शिकवला जातो, पण शिकवणं वेगळं आणि चौकशीची रीत ठरलेली असणं वेगळं. आपल्या संस्थेचे स्वतःचे नियम आहेत का, ते आधी विचारून घ्या. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेचे नियमही पाहा. वैद्यकीय संशोधनात आयसीएमआरचं 2019 चं धोरण आहे.

मग सोन आणि मॅकयुएन यांनी जे केलं तेच करा. प्रकाशित झालेल्या निबंधांवर काम करा. कुणाच्या संगणकात शिरू नका, कुणाची वही उचलून नेऊ नका, त्यामुळे चांगला पुरावाही बाद होतो आणि उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. आकृती क्रमांक, पान, निबंध नेमके लिहा. दोन आलेख शेजारी ठेवून काय जुळतं ते दाखवा. ‘फसवणूक’ हा शब्द लिहू नका. ‘या दोन आकृत्यांतला डेटा एकच दिसतो, मूळ फाइली पाहाव्यात’ एवढं पुरे. पाठवण्याआधी त्याच विषयातल्या पण तुमच्या गटाबाहेरच्या एका जाणत्या माणसाला दाखवा. दोन उपकरणांची एकच त्रुटी, किंवा दोन निबंधांत उघडपणे पुन्हा वापरलेला संदर्भ आलेख, अशी साधी कारणं तो पटकन सांगू शकतो.

संशय स्वतःच्या गाईडवर असेल तर? हे अवघड आहे, आणि सोपं उत्तर माझ्याकडे नाही. प्रबंध, शिष्यवृत्ती, शिफारसपत्र सगळं त्याच माणसाच्या हातात असतं. अशा वेळी पहिलं काम स्वतःच्या नोंदी सुरक्षित करण्याचं: तुम्ही केलेल्या मोजमापांच्या कच्च्या फाइली, वहीच्या तारखेसह पानांच्या प्रती, तुम्ही दिलेला डेटा आणि छापलेला डेटा. तुम्ही 14 बिंदू दिले आणि आकृतीत 11 आले असतील, तर ‘सर, तीन बिंदू का काढले ते निबंधात कुठे लिहू?’ असा प्रश्न ईमेलवर विचारा. बहुतेक वेळा खरं कारण असतं आणि ते कळतं. कारण मिळालं नाही, तर विचारल्याची तारीख तुमच्याकडे राहते. तुमचं नाव लेखकांत असेल आणि खात्री पटत नसेल, तर छापण्याआधी नाव काढून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो लेखी वापरा.

वही कशी ठेवली म्हणजे उद्या माझ्यावर शंका आली तर मला उत्तर देता येईल?

पानांना क्रमांक असलेली, शिवलेली वही घ्या. सुटे कागद नकोत. मोजमाप घेतानाच पेनाने लिहा: तारीख, नमुन्याचा क्रमांक, उपकरण, फाईलचं नाव. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. उपकरणातून निघालेली फाईल कधीही उघडून बदलायची नाही. प्रत काढून त्या प्रतीवर काम करायचं, आणि मूळ फाईल विभागाच्या सर्व्हरवरही ठेवायची. नमुने निदान निबंध छापून काही वर्षं होईपर्यंत डबीत, चिठ्ठीसह ठेवायचे. मग तुमच्या निबंधातल्या कुठल्याही आकृतीवर बोट ठेवून कुणी विचारलं, तर पाच मिनिटांत वहीचं पान, मूळ फाईल आणि नमुन्याची डबी टेबलावर मांडता यायला हवी. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी दर सहा महिन्यांनी एका आकृतीसाठी हे करून घेतो. आकृती कुठली, ते त्या दिवशी सकाळी सांगतो.